बेन्झॉइल पेरॉक्साइड: वॉश घ्यावा की जेल, किती टक्क्यांचं, आणि टॉवेल-अभ्र्यांचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपल्ससाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड आणायला गेलं की एकाच नावाच्या नळ्या आणि बाटल्या समोर येतात. कुणावर २.५, कुणावर ५, कुणावर १०. कुणी धुऊन टाकायचं, कुणी लावून ठेवायचं. महिनाभरात तक्रारी येतात त्याही दोनच: चेहऱ्याची साल निघते, नाहीतर निळ्या टॉवेलवर नारिंगी डाग पडतात. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. औषध कुठे आणि किती वेळ राहिलं, ही. खालची बरीचशी उत्तरं तिच्याभोवतीच फिरतात. लिहायला सोपं जावं म्हणून पुढे औषधाला बीपीओ म्हटलं आहे.

टक्केवारीचा आकडा नेमकं काय सांगतो?

शंभर ग्रॅम जेलमध्ये किती ग्रॅम बीपीओ आहे, एवढंच. एक ग्रॅम २.५ टक्क्यांच्या जेलमध्ये २५ मिलिग्रॅम बीपीओ असतं आणि १० टक्क्यांच्यात १०० मिलिग्रॅम. त्यातलं किती त्वचेत शिरेल, किती वेळ तिथे राहील आणि किती नळातून वाहून जाईल, हे आकड्यावरून कळत नाही. म्हणून १० टक्क्यांचा वॉश आणि १० टक्क्यांचं जेल यांच्यावरचा आकडा सारखा दिसला तरी त्वचेच्या दृष्टीने ती दोन वेगळी औषधं आहेत. वॉश चेहऱ्यावर काही मिनिटं असतो, जेल सात-आठ तास.

जास्त टक्के म्हणजे लवकर गुण, असं नाही का?

लावून ठेवायच्या जेलबाबत तरी नाही. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २.५, ५ आणि १० टक्क्यांची जेल लालसर, सुजलेल्या पिंपल्सवर तपासली होती. पिंपल्स कमी करण्यात २.५ टक्क्यांचं जेल इतर दोघांच्या बरोबरीचं ठरलं. लाली, साल निघणं आणि आग होणं मात्र १० टक्क्यांत त्यापेक्षा जास्त होतं.

कारण समजायला सोपं आहे. बीपीओ त्वचेत गेलं की त्याचे तुकडे होतात. एकीकडे बेन्झॉइक आम्ल तयार होतं आणि दुसरीकडे ऑक्सिजनचे अतिशय चंचल कण सुटतात. पिंपल्स वाढवणारे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू केसांच्या मुळाशी, तेलकट आणि ऑक्सिजन कमी असलेल्या जागी राहतात. त्यांना हे कण सोसत नाहीत. पण तेवढ्या जिवाणूंसाठी लागणारी मात्रा एकदा गाठली की त्यावरच्या औषधाला मारायला काही उरत नाही. ते त्वचेलाच टोचत राहतं. म्हणजे गुण एका पातळीवर येऊन थांबतो, त्रास मात्र टक्क्यांबरोबर चढत जातो.

या मारण्याच्या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे. अँटिबायोटिकला जिवाणू सरावतात, बीपीओला सरावल्याचं आढळलेलं नाही. म्हणूनच क्लिंडामायसिनसारखं लावायचं अँटिबायोटिक डॉक्टर बहुधा एकटं न देता बीपीओच्या जोडीने देतात.

मग १० टक्क्यांचं कशासाठी असतं?

माझ्या मते, मुख्यतः धुऊन टाकण्यासाठी. दोन-चार मिनिटांत काम उरकायचं असेल तर मात्रा जास्त लागते. पाठ आणि छाती इथली त्वचा जाड असते, तिला १० टक्क्यांचा वॉश बहुतेकदा झेपतो. चेहऱ्यावर रात्रभर ठेवायला १० टक्क्यांचं जेल मी कुणाला पहिल्यांदा सुचवणार नाही. ५ टक्क्यांचं जेल मधलं. २.५ टक्के नीट सोसलं, सवय झाली, तरी छाती-खांद्यांवर पुरेसा फरक नाही, अशा वेळी ते घेता येतं. चेहऱ्यासाठी मात्र २.५ वरून ५ वर गेल्याने फारसं हाती लागत नाही.

वॉश दोन मिनिटांत धुऊन टाकायचा, तर तो काम कसा करणार?

रास्त शंका आहे, आणि नेहमीच्या फेसवॉशसारखा चोळून दहा सेकंदांत धुतला तर तो खरंच फारसं काम करत नाही. बीपीओचा वॉश म्हणजे साबण नव्हे. तो थोडा वेळ ठेवून काढायचा लेप आहे, फेस त्यात सोयीपुरता. पाठीवर ९.८ टक्क्यांचा फोम दोन मिनिटं ठेवून धुतला तेव्हा जिवाणूंची संख्या ५.३ टक्क्यांचा फोम लावून ठेवल्याइतकी कमी झाल्याचं तपासण्यांत दिसलं आहे. वेळ कमी केला की टक्के वाढवावे लागतात, असा हा हिशोब.

वॉशच्या मर्यादेचंही सांगायला हवं. वॉशच्या परिणामात उत्पादनागणिक फरक पडतो, कारण धुतल्यावर त्वचेवर किती अंश मागे राहतो हे त्याच्या घडणीवर ठरतं. चेहऱ्यावर मध्यम पिंपल्स असतील तर जेलचा भरवसा जास्त. त्वचा नाजूक असेल, दाढी असेल किंवा जागा पाठीसारखी मोठी असेल तर वॉश सोयीचा.

वॉश वापरायची नीट पद्धत काय?

चेहरा किंवा पाठ ओली करून जादा पाणी हाताने निपटून काढा. पाणी निथळत असताना वॉश लावला तर तो तिथल्या तिथे पातळ होऊन ओघळतो. चेहऱ्याला साधारण बोटाच्या एका पेराएवढा वॉश पुरतो. डोळे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडून पातळ पसरा आणि थांबा. पहिल्या आठवड्यात एक मिनिट, नंतर दोन, त्वचा कुरकुर करत नसेल तर पाच मिनिटांपर्यंत. त्याहून जास्त थांबायचं असेल तर वॉशऐवजी जेलच घ्यावं.

धुताना हयगय होते ती केसांच्या रेषेपाशी, कानांच्या मागे आणि जबड्याखाली. समोरचा चेहरा सगळे धुतात. टॉवेलवर रंग उडालेला दिसतो तो मात्र बरेचदा याच जागांमधून आलेला असतो. पाठीला वॉश लावला असेल तर आंघोळीच्या शेवटी नको, सुरुवातीला लावा. केस धुवायचे असतील तर ते धुऊन होईपर्यंत वॉश पाठीवर राहतो आणि नंतरच्या पाण्यात सगळा निघून जातो.

आणि जेल?

चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा, टिपून कोरडा करा आणि दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. ओल्या त्वचेवर जेल जास्त चुरचुरतं. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं जेल पुरतं. कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटीवर ठिपके द्या आणि पातळ पसरवा. नुसत्या आलेल्या पुटकुळीवर थेंब ठेवण्यात अर्थ कमी, कारण पुढची पुटकुळी शेजारच्या स्वच्छ दिसणाऱ्या छिद्रात आधीच तयार होत असते. जिथे पिंपल्स येतात तो सगळा भाग माखायचा.

सुरुवात एक दिवसाआड करा. दोन आठवडे निभावले की रोज. पांढरा थर दिसतोय म्हणजे जेल जास्त झालं, आणि तो थर त्वचेत न शिरता उशीवरच जाणार आहे.

नळीवर आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे जेल कशात बनवलंय. पाण्यावर आधारलेलं जेल अल्कोहोलवर आधारलेल्या जेलपेक्षा कमी कोरडं करतं. एकाच टक्केवारीच्या दोन नळ्यांपैकी एक झोंबते आणि दुसरी झोंबत नाही, त्याचं कारण अनेकदा हेच असतं. क्रीम आणि लोशन कोरड्या त्वचेला जास्त मानवतात.

एक उदाहरण घेऊन सांगा ना. चेहऱ्यावरही आहे आणि पाठीवरही.

समजा एक विशीतला मुलगा आहे. गालांवर आणि कपाळावर लाल पुटकुळ्या, खांद्यांवर आणि पाठीच्या वरच्या भागात बऱ्याच, बारीक दाढी. त्याने दुकानातून १० टक्क्यांचं जेल आणलं आणि चेहऱ्यावर आणि पाठीवर रोज रात्री चोळलं. चौथ्या-पाचव्या दिवशी नाकाच्या कडा लाल, हनुवटीची साल निघालेली, पाठीवर फरक शून्य. त्यात उशीचा गर्द हिरवा अभ्रा मध्यभागी पिवळट आणि बनियन सोडून टी-शर्ट घातलेल्या दिवशी टी-शर्टची पाठही डागाळलेली.

याच्यासाठी योजना अशी असावी. पाठीसाठी १० टक्क्यांचा वॉश, रोज आंघोळीच्या सुरुवातीला, तीन मिनिटं थांबून. चेहऱ्यासाठी आधी चार-पाच दिवस काहीच नाही, फक्त सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर, म्हणजे चिडलेली त्वचा निवेल. मग २.५ टक्क्यांचं जेल एक दिवसाआड रात्री, आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर आणि त्यावर जेल. दाढीचा भाग जेलमधून वगळायचा. तिथे हवं तर तोच वॉश एका मिनिटासाठी, तोही त्वचा पूर्ण शांत झाल्यावर.

मात्रेचा हिशोब बघा. आधी तो चेहऱ्यावर रात्री अर्धा ग्रॅम १० टक्क्यांचं जेल लावत होता, म्हणजे ५० मिलिग्रॅम बीपीओ. आता अर्धा ग्रॅम २.५ टक्क्यांचं, म्हणजे साडेबारा, तेही एक दिवसाआड. चेहऱ्यावरचा भार आठव्या हिश्श्यावर आला. पाठीवर मात्रा उतरवलेली नाही, फक्त ती तीन मिनिटांनी धुऊन निघते. निकाल मोजायचा तो आठ ते बारा आठवड्यांनी. नव्या पुटकुळ्या कमी येऊ लागल्या का, एवढंच तोवर बघायचं. जुने काळे डाग बीपीओने जात नाहीत, त्यांच्यावरून औषधाची परीक्षा करू नये.

थोडी साल निघते, चुरचुरतं. थांबवू का?

पहिले दोन-तीन आठवडे कोरडेपणा, किंचित लाली, ओढल्यासारखं वाटणं हे अपेक्षित आहे. दोन-तीन दिवस खाडा करा, मग अंतर ठेवून पुन्हा सुरू करा. बहुतेकांची त्वचा सरावते.

ॲलर्जी वेगळी दिसते. जिथे औषध लावलं त्याच्याही पलीकडे खाज पसरते, पापण्या किंवा ओठ सुजतात, पाणीदार फोड येतात, आणि खाडा करून पुन्हा लावल्यावर पहिल्यापेक्षा जास्त जोरात उसळतं. अशा वेळी टक्के कमी करून उपयोग नाही, औषध कायमचं बंद. घसा आवळल्यासारखा वाटला, श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना गाठायचा. असं क्वचित होतं, पण होऊ शकतं. म्हणून पहिल्यांदा वापरताना तीन दिवस एका छोट्या जागी लावून बघण्याचा सल्ला देतात.

टॉवेल आणि अभ्र्यांचा रंग का उडतो?

जे कण जिवाणूंना मारतात तेच कापडाच्या रंगाचे रेणू तोडतात. रंग दिसतो तो रेणूच्या विशिष्ट जोडणीमुळे. ती जोडणी ऑक्सिजनने तोडली की रेणू प्रकाश पूर्वीसारखा शोषत नाही आणि ती जागा फिकट होते. गर्द रंग बरेचदा दोन-तीन रंग मिसळून केलेले असतात आणि त्यातला एक आधी तुटतो. त्यामुळे निळ्या किंवा हिरव्या टॉवेलवर पांढरा नाही तर नारिंगी, गुलाबी किंवा पिवळट डाग दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं काहीतरी सांडलंय. सांडलेलं काही नसतं, असलेलं निघून गेलेलं असतं.

बीपीओचा आणखी एक स्वभाव इथे नडतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि उडूनही जात नाही. बारीक पांढऱ्या कणांच्या रूपात धाग्यांमध्ये बसून राहतं, आणि ओल किंवा ऊब मिळाली की काम चालू ठेवतं. म्हणून डाग अनेकदा लगेच दिसत नाही. टॉवेल वापरला तेव्हा ठीक होता, गरम पाण्यात धुऊन वाळल्यावर ठिपके उठले, आणि मग दोष साबणावर जातो.

वॉश तर धुऊन टाकतो. मग त्याने टॉवेल का खराब होतो?

हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण कपडे वाचावेत म्हणूनच अनेकजण जेल सोडून वॉशकडे वळतात. आकडे मांडून बघू. पाठीला दोन ग्रॅम १० टक्क्यांचा वॉश लावला तर त्यात २०० मिलिग्रॅम बीपीओ आहे. धुतल्यावर समजा त्याचा फक्त विसावा भाग त्वचेवर मागे राहिला, तरी ते १० मिलिग्रॅम झाले. चेहऱ्याला लावलेल्या अर्ध्या ग्रॅम २.५ टक्क्यांच्या जेलमध्ये साडेबाराच असतात. म्हणजे घाईने धुतलेला वॉश आणि रात्रीचं जेल यांनी कापडावर सोडलेला ऐवज जवळपास सारखा असू शकतो. शिवाय तो लगेच, ओल्या त्वचेवरून, घासून टॉवेलला जातो.

त्यामुळे दोघांचे बळी वेगळे. वॉश टॉवेल खातो, आणि हात पुसायला ठेवलेला नॅपकिनही. जेल अभ्रा, चादरीची वरची कड आणि कॉलर खातं. पाठीला जेल लावलं तर टी-शर्टच्या आतली बाजू. कोणतं कापड डागाळलं यावरून कुठे चुकतंय ते कळतं: फक्त टॉवेल गेला तर धुणं कमी पडतंय, अभ्रा गेला तर जेल जास्त होतंय किंवा वाळायच्या आत झोपताय.

जेल पूर्ण वाळल्यावर झोपलं तर अभ्रा वाचेल?

थोडा. पूर्ण नाही. वाळतं ते जेलमधलं पाणी, बीपीओ तिथेच असतं. रात्री घाम आणि चेहऱ्याचं तेल आलं की कण पुन्हा सैल होऊन कापडाला लागतात. अर्धा तास थांबून झोपण्याचा फायदा एवढाच की ओलं जेल थेट पुसलं जात नाही, डाग हळू पडतो.

जेल सकाळी लावून बाहेर पडलं तर अभ्रा नक्की वाचतो, पण मग कॉलर, स्कार्फ, हेल्मेटचं अस्तर धोक्यात येतं. कापडाशी संपर्क कुठे कमी आहे ते बघून वेळ निवडावी. दिवसा लावत असाल तर वर सनस्क्रीन हवंच, कारण कोरडी, चिडलेली त्वचा उन्हात लवकर भाजते.

२.५ टक्क्यांनी रंग कमी उडतो का?

सावकाश उडतो, पण उडतो. एका रात्रीत १० टक्क्यांनी जे झालं असतं ते २.५ ला आणखी काही रात्री घेऊन होईल. टक्के कमी करण्याचं कारण त्वचा असावं, अभ्रा नव्हे.

डाग निघेल का?

नाही. धुऊन, लिंबू चोळून, डाग काढणारी पावडर लावून काहीच होणार नाही, कारण काढायला डाग नाहीच, रंग गेलेला आहे. ऑक्सिजनवाली डाग काढणारी पावडर तर उलट आजूबाजूचा रंगही फिका करू शकते. सुती टॉवेल पुन्हा गर्द रंगात रंगवता येतो, पण उडालेल्या जागी छटा थोडी वेगळीच दिसते.

तेलाचा डाग आणि रंग उडालेला ठिपका यात गल्लत होते. कापड ओलं करून उजेडात धरा. तेलाचा डाग कोरड्या कापडावर आजूबाजूपेक्षा गडद असतो आणि साबणाने मऊ पडतो. उडालेला ठिपका ओला करूनही फिकटच राहतो, दोन्ही बाजूंनी दिसतो आणि त्याची कड धुण्याने हलत नाही.

कोणतं कापड वापरावं?

पांढरं. त्याच्यात उडायला रंगच नाही. चेहऱ्यासाठी दोन-तीन लहान पांढरे सुती टॉवेल आणि दोन पांढरे अभ्रे एवढं वेगळं ठेवलं की प्रश्न संपतो, बाकी सगळ्या युक्त्या यानंतर. मळखाऊ म्हणून गर्द रंग घेणारे इथे फसतात. डाग सर्वांत उठून दिसतात ते काळ्या, निळ्या आणि करड्या रंगांवर. फिकट पिवळ्या किंवा बदामी कापडावरही रंग उडतो, फक्त डोळ्यांत भरत नाही.

रंगीतच हवं असेल तर ब्लीच सहन करणारे, व्हॅट रंगाने रंगवलेले टॉवेल मिळतात. पार्लरमध्ये असे टॉवेल वापरतात. पण लेबलवर भरवसा टाकण्याआधी चाचणी करा. टॉवेलचा कडेचा कोपरा ओला करा, त्यावर तुमच्या जेलचा मसूरडाळीएवढा थेंब चोळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उबदार खोलीत एक दिवस ठेवा, मग धुऊन वाळवा. तिथे फरक दिसला नाही तर तो टॉवेल बराच काळ टिकेल.

रेशमी अभ्र्याचा त्वचेला काय फायदा होतो तो होवो. रंगीत रेशीम आणि बीपीओ एकत्र नको.

धुताना इतर कपड्यांना लागेल का?

लागू शकतं. कण पाण्यात विरघळत नसल्याने ते धुण्यात इकडून तिकडे सरकतात. औषध लागलेले टॉवेल-अभ्रे बाकीच्या रंगीत कपड्यांत ओले ठेवून देऊ नका. ओल्या गठ्ठ्यात रात्रभर एकमेकांना चिकटून पडलेले कपडे सर्वांत जास्त खराब होतात. पांढऱ्या कपड्यांबरोबर धुवा, एकदा जास्तीचं खळबळून घ्या. रंगीत टॉवेलला चुकून लागलंच तर लगेच थंड पाणी आणि भरपूर साबण लावून चोळा. रंग तुटायच्या आत कण निघून गेले तर टॉवेल वाचतो. अशा टॉवेलला धुण्याआधी इस्त्री किंवा गरम ड्रायर लावला तर उष्णतेने उरलेलं काम पूर्ण होतं.

जेल लावल्यावर हात साबणाने धुवायचे. बोटांच्या पेरांवरून दाराचे पडदे, सोफ्याचं कापड आणि कपाटातले कपडे खराब होतात, आणि हे कुणी औषधाशी जोडत नाही.

केस, भुवया, दाढी?

यांचाही रंग फिका होऊ शकतो. काळे केस तांबूस दिसू लागतात, रंगवलेले केस त्याहून लवकर. जेल भुवईच्या आणि केसांच्या रेषेच्या बोटभर अलीकडेच थांबवा. झोपताना पुढचे केस मागे बांधा.

इतर औषधांबरोबर चालतं का?

ॲडापलीनबरोबर चालतं, दोन्ही एकाच नळीतही मिळतात. ट्रेटिनॉइनच्या जुन्या घडणीच्या क्रीमला बीपीओ निकामी करतं, म्हणून एक सकाळी आणि एक रात्री. डॅप्सोन जेल एकाच वेळी लावलं तर त्वचा आणि चेहऱ्यावरची लव तात्पुरती पिवळट-नारिंगी होऊ शकते. घाबरू नका, पण दोन्हींची वेळ वेगळी करा. सॅलिसिलिक आम्लाचा वॉश, स्क्रब आणि बीपीओ हे सगळं एकाच दिवशी सुरू करणं म्हणजे त्वचेचे हाल.

गरोदरपणात त्वचेतून फार थोडं औषध शोषलं जातं आणि ते बेन्झॉइक आम्ल होऊन लघवीवाटे निघून जातं, म्हणून डॉक्टर ते बरेचदा चालवून घेतात. तरी विचारूनच.

बेन्झिनचं काय ऐकतोय?

बीपीओ तापलं की त्याच्या विघटनातून थोडं बेन्झिन तयार होऊ शकतं, आणि बेन्झिन कर्करोगाशी जोडलेलं आहे. २०२४ मध्ये एका खासगी प्रयोगशाळेने हा विषय उचलला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मग ९५ उत्पादनं तपासली आणि मार्च २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. ९० टक्क्यांहून जास्त उत्पादनांत बेन्झिन आढळलं नाही किंवा अत्यल्प आढळलं. मोजकी उत्पादनं बाजारातून परत मागवली गेली.

औषध टाकून द्यायचं कारण मला यात दिसत नाही. नीट ठेवायचं कारण मात्र आहे. नळी गाडीत, खिडकीत किंवा गरम पाण्याच्या टाकीजवळ ठेवू नका. मुदत संपलेली वापरू नका. एकत्र क्लिंडामायसिन असलेल्या काही नळ्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, ते वेष्टनावर वाचा. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून वर्षाचा साठा करण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांत संपेल एवढीच घ्या.

डॉक्टरांकडे कधी जावं?

खोल, दुखऱ्या गाठी असतील, पिंपल्स बरे झाल्यावर खड्डे पडत असतील, किंवा बारा आठवडे नेमाने वापरूनही नव्या पुटकुळ्या तशाच येत असतील तर टक्के वाढवत बसू नका. खड्डे पडत असतील तर बारा आठवडे थांबायचीही गरज नाही. जाताना वापरलेल्या नळ्या बरोबर न्या किंवा त्यांच्या लेबलचे फोटो काढून ठेवा. नुसतं बीपीओ लावत होतो असं सांगितल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो हाच: किती टक्क्यांचं, आणि लावून ठेवायचं की धुवायचं?